पुरुषांचे आरोग्य – ७ : ताठरता कमी का होते?

लिंगाला ताठरता येते ती रक्तामुळे. लिंगात हाड नाही, तिथे स्पंजासारखे दोन लांबट भाग असतात. मन उत्तेजित झाले की मज्जातंतू तिथल्या रक्तवाहिन्यांना सैल होण्याचा इशारा देतात, रक्त वेगाने आत शिरते, स्पंज फुगतो आणि रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन ते आत अडकून राहते. यातला कोणताही टप्पा बिघडला की ताठरता येत नाही किंवा आली तरी टिकत नाही. थकवा, दारू किंवा भांडण यांमुळे एखाद्या वेळी असे घडणे हा आजार नव्हे. साधारण तीन महिने हीच तक्रार राहिली, तर मात्र तपासणी करून घ्यावी.

दोष मनात की शरीरात, याचा पहिला अंदाज घरीच येतो. निरोगी पुरुषाला झोपेत आणि पहाटे आपोआप ताठरता येते. ती पूर्वीसारखीच येत असेल आणि अडचण फक्त पत्नीजवळ असतानाच होत असेल, तर रक्तवाहिन्या बहुधा ठीक असतात. अशा वेळी काळजी, उदासी किंवा ‘आजही जमणार नाही’ ही धास्ती हे कारण असू शकते. ही धास्ती वाईट असते. एकदा बसली की तीच पुढच्या वेळचे अपयश ओढवते. उलट, पहाटेची ताठरताही महिनोन्महिने कमी होत गेली असेल तर कारण बहुधा शरीरात असते.

शरीरातल्या कारणांत मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेली चरबी आणि विडी-सिगारेट ही नेहमीची. वाढलेली साखर रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही खराब करते. लिंगाची धमनी एक-दोन मिलिमीटरची, हृदयाची त्याहून रुंद. त्यामुळे रक्तवाहिन्यांत साचणारा गाळ आधी लिंगात जाणवतो आणि छातीत दुखणे काही वर्षांनी सुरू होते. म्हणून ही तक्रार लपवणे धोक्याचे आहे. बीपीच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही ताठरता कमी होते. पण त्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत, डॉक्टर त्या बदलून देऊ शकतात. हस्तमैथुनाने किंवा ‘धातू जाण्याने’ मात्र ताठरता जात नाही.

समजा, ४८ वर्षांचा एक एसटी चालक आहे. वर्षभर ताठरता टिकत नाही, पहाटेचीही गेली आहे, रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते आणि रोज बिडीचे एक बंडल संपते. डॉक्टर त्याचा रक्तदाब मोजतील, उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि चरबी तपासतील. इच्छाच कमी झाली असेल तर सकाळी टेस्टोस्टेरॉनही तपासतील. साखर वाढलेली निघाली, तर उपचार तिथूनच सुरू होतो. साखर ताब्यात आणणे, बिडी सोडणे आणि रोज चालणे, हा तो उपचार. याला काही महिने लागतात, म्हणून हृदयाची स्थिती पाहून सोबत गोळीही दिली जाते.

ती गोळी म्हणजे बहुतेकदा सिल्डेनाफिल. संभोगाच्या सुमारे एक तास आधी घ्यायची, तळकट जेवणानंतर तिचा परिणाम उशिरा होतो. गोळीने इच्छा निर्माण होत नाही. उत्तेजना असेल तरच ती काम करते. हे न कळल्याने कित्येक जण एकदा घेऊन ‘गुण आला नाही’ म्हणून सोडतात. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा कोणतेही नायट्रेट औषध घेणाऱ्याने ही गोळी कधीही घेऊ नये. रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. ती घेतलेल्या माणसाच्या छातीत दुखू लागले, तर गोळी घेतल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे. ताठरता चार तासांहून जास्त राहिली, तर लगेच रुग्णालय गाठावे.

साखर आणि बीपीची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पुढे सिव्हिल हॉस्पिटल किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. केस पेपर काढताना ‘लघवीच्या जागेची तक्रार’ एवढे सांगितले तरी चालते, बाकीचे डॉक्टरांच्या खोलीत बोलावे. शरीराच्या दोषासाठी युरोलॉजिस्ट, मनाच्या कारणासाठी मानसोपचारतज्ज्ञ. चिंता किंवा उदासी असेल तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फुकट बोलता येते. पत्नी सोबत आली तर उपचार सोपा होतो.

रस्त्याकडेच्या तंबूत किंवा ‘गुप्तरोग’ पाटीखाली मिळणाऱ्या पुड्यांपासून दूर राहावे. अशा ‘जडीबुटी’त सिल्डेनाफिलच मिसळलेले अनेकदा सापडले आहे, आणि किती मिसळले ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. सॉर्बिट्रेट घेणारा माणूस अशी पुडी निर्धास्तपणे घेतो, धोका तिथेच आहे.

गोळी लागू पडली नाही, तर व्हॅक्यूम पंप, लिंगात द्यायचे इंजेक्शन आणि शेवटी शस्त्रक्रियेने बसवायचा इम्प्लांट हे मार्ग उरतात. त्यांतला कोणता योग्य, हे युरोलॉजिस्ट तपासणीनंतर ठरवतात.