नस कुठून जाते?
दातांच्या आड : लेखांक ९

मागच्या लेखांकात आपण ओपीजी पाहिला. यंत्र डोक्याभोवती अर्धा फेरा मारतं आणि दोन्ही जबडे एका लांबट चित्रात पसरून दिसतात. त्यावर आलेल्या प्रश्नांत सगळ्यांत जास्त वेळा एकच प्रश्न होता : ओपीजी सपाट असतो, तर सरळ थ्री-डी स्कॅनच का काढत नाही? थोड्याच दिवसांपूर्वी डाळजचे एक तात्या माझ्या टेबलावर हात ठेवून हेच म्हणाले होते, ''मॅडम, त्यो मोठा स्कॅनच काढा की. दोन्ही बाजूंचा. एकदाच काय ते कळंल.''

प्रश्न त्यांच्या मुलाचा होता. वय २६, भिगवणजवळच्या कारखान्यात शिफ्टला जाणारा. खालच्या दोन्ही अक्कलदाढा आडव्या. डावीकडे वर्षात तिसऱ्यांदा हिरडी सुजून तोंड उघडेनासं झालेलं, उजवीकडेही अन्न अडकून ठणका लागायचा. दोन्ही काढायच्या, यात वाद नव्हता. वाद स्कॅनचा होता, आणि एकाच तोंडात त्याची दोन वेगळी उत्तरं निघाली.

खालच्या जबड्याच्या हाडात एक बोगदा असतो, साधारण दोन-तीन मिलिमीटर रुंद. त्यातून जाणारी नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. अक्कलदाढेची मुळं बऱ्याचदा या बोगद्याच्या अगदी जवळ उतरतात. दाढ उपसताना नस दाबली गेली तर ओठाची ती बाजू बधिर होते. ओठ वाकडा होत नाही, हलतो नीट. पण चहा ओघळला तरी कळत नाही आणि दाढी करताना कापलेलं रक्त दिसल्यावर समजतं. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते. थोड्यांची कधीच येत नाही.

ओपीजीवर हा बोगदा दोन समांतर पांढऱ्या रेघांसारखा दिसतो. मुळावरून जातानाही त्या रेघा अखंड असतील, तर बहुधा मूळ आणि बोगदा फक्त एकमेकांसमोर आलेले असतात. रस्त्याकडेची विजेची तार लांबच्या घरावरून गेल्यासारखी दिसावी, तसं. पण मुळाशी येताच रेघ तुटली, तिथे मूळ काळपट दिसलं, किंवा बोगदा मध्येच वळला वा आवळला गेला, तर दोघांची गाठ पडली असण्याची शंका घ्यायची. या मुलाच्या उजव्या बाजूला दोन्ही रेघा शाबूत होत्या. डाव्या बाजूला वरची रेघ मुळापाशी गायब होती आणि मुळावर काळा पट्टा होता.

म्हणून उजव्या बाजूला स्कॅन नाही. तात्यांना हे पटलं नाही. पटेल अशी माझी अपेक्षाही नव्हती, कारण एवढे पैसे मोजायची तयारी असलेल्या माणसाला डॉक्टर 'नको' म्हणते, हे आपल्याकडे थोडं संशयास्पदच वाटतं.

डाव्या बाजूलाही मी आधी जुना उपाय करून पाहिला. सी. ए. क्लार्क यांनी १९१०च्या सुमारास मांडलेली ही युक्ती आहे, आणि सोलापूर रस्त्याने एसटीत खिडकीशी बसलेल्या प्रत्येकाने ती अनुभवलेली आहे. डाळजपाशी उजनीचं पाणी दिसू लागलं की रस्त्याकडेच्या बाभळी मागे पळतात, पण पाण्यापलीकडची झाडं आपल्याबरोबर चालल्यासारखी वाटतात. तोंडात एकाच जागी दोन छोट्या फिल्म घ्यायच्या, फक्त एक्स-रेची नळी दुसऱ्या वेळी थोडी वर किंवा खाली सरकवायची. नळी गालाबाहेर असते. त्यामुळे गालाकडचा बोगदा जवळच्या बाभळीसारखा नळीच्या उलट दिशेला सरकतो, आणि जिभेकडचा पलीकडच्या झाडांसारखा नळीबरोबर जातो. दोन फिल्मचा एकत्र मारा थोडक्या मायक्रोसिव्हर्टचा, आणि नस कुठल्या बाजूला आहे ते बऱ्याचदा कळतं. अडचण एवढीच, की अक्कलदाढ घशाजवळ असते. या मुलाला सेन्सर तिथवर नेताच ओकारी यायची, आणि दोन्ही चित्रांत मुळांची टोकं कापली गेली. आता मात्र स्कॅनला कारण होतं.

सीबीसीटी, म्हणजे कोन बीम स्कॅन. यात किरणं शंकूसारखी पसरून बाहेर पडतात. नळी आणि समोरचं चौकोनी सेन्सर डोक्याभोवती एक फेरा घेतात, बहुतेक यंत्रांत दहा-वीस सेकंद. तेवढ्यात काहीशे चित्रं निघतात आणि संगणक त्यांतून बारीक घनांचा ठोकळा रचतो, जो हवा तिथे हवा तसा कापून पाहता येतो. शंकूच्या किरणांतून ठोकळा रचायचं गणित फेल्डकॅम्प, डेव्हिस आणि क्रेस या तिघांनी १९८४ साली प्रसिद्ध केलं. तिघेही फोर्ड मोटार कंपनीच्या संशोधन विभागातले. बारामतीच्या एमआयडीसीत तीनचाकी गाड्या बनतात, त्यामुळे मोटारवाल्यांच्या या गणिताचं मला उगीचच कौतुक वाटतं. दातांसाठीचं यंत्र इटलीत व्हेरोना इथे १९९०च्या दशकात उभं राहिलं.

आता किरणांचा हिशेब. माती, हवा, आकाश यांतून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणं मिळतात, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास. दातांची छोटी डिजिटल फिल्म एका दिवसाहून कमी धरा. ओपीजी दोन-तीन दिवसांचा. सीबीसीटीचा मात्र एक आकडा सांगता येत नाही. एका दाढेपुरत्या चौकटीतही तो यंत्र आणि सेटिंगप्रमाणे दहा-वीस मायक्रोसिव्हर्टपासून कित्येक शेपर्यंत जातो आणि पूर्ण चेहऱ्याचा हजाराच्या घरात पोचू शकतो. यातला कुठलाही आकडा घाबरून जाण्याजोगा नाही. तरी बिनकामाचा डोस थोडा असला म्हणून कामाचा होत नाही.

म्हणून चिठ्ठीत नुसतं 'सीबीसीटी काढा' असं लिहायचं नसतं. मी लिहिलं : ''खालची डावी अक्कलदाढ. चौकट पाच बाय पाच सेंटिमीटर. बोगदा मुळाच्या कुठल्या बाजूला? मध्ये हाडाची भिंत आहे का?'' मुलाला पुण्याला जाऊन यावं लागलं, एक खाडा पडला. सीडीतल्या कापांवर दिसलं ते असं : बोगदा मुळाच्या जिभेकडच्या बाजूने जात होता, मूळ आणि आतल्या हाडाच्या पट्टीत चेपून चपटा झालेला. मुळावर त्याची खोबण पडली होती. सलग कापांत मध्ये हाडाची भिंत दिसत नव्हती.

'दिसत नव्हती' हे शब्द मुद्दाम वापरले. स्कॅनमधला घन ०.२ किंवा ०.३ मिलिमीटरचा असेल तर त्याहून पातळ भिंत चित्रात पुसली जाते. ती असूनही नसल्यासारखी वाटते. रुग्ण थोडा हलला तर कडा दुहेरी होतात. आणि नस स्वतः या स्कॅनमध्ये कधीच दिसत नाही, दिसतो तो तिचा बोगदा. धातू तर वेगळीच फसवणूक करतो. एक मावशी मागे पूर्ण चेहऱ्याचा स्कॅन हातात घेऊनच आल्या होत्या. कॅप बसवलेली दाढ दुखत होती, आणि स्कॅनमध्ये नेमक्या त्याच जागी कॅपमुळे काळे-पांढरे फराटे पसरलेले. फराट्यांत कीड, चीर, काहीही वाचता येतं. दात एकमेकांवर दाबून घेतलेल्या एका साध्या फिल्मवर कॅपच्या कडेखाली कुजलेला भाग स्वच्छ दिसला. दातांमधल्या किडीसाठी अजून तरी हीच फिल्म सरस.

पुन्हा त्या मुलाकडे. नस कुठे आहे हे कळलं म्हणजे ती वाचली, असं आपल्याला सहज वाटतं. मलाही बरीच वर्षं वाटायचं. २०१४ ते २०१६ या काळात बेल्जियम, नेदरलँड्स आणि डेन्मार्क इथल्या डॉक्टरांनी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून हे तपासल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटाची अक्कलदाढ साध्या चित्रावरून काढली, दुसऱ्याची सीबीसीटी पाहून. ओठ बधिर होण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठोस फरक निघाला नाही. दाढ त्याच वाटेने, त्याच हत्यारांनी काढायची असेल, तर नसेचा पत्ता माहीत असून हाताची दिशा फारशी बदलत नाही. युरोपातल्या दंत-रेडिओलॉजी संघटनेनेही २०१९मध्ये हेच सांगितलं : अक्कलदाढेआधी सीबीसीटी सरसकट नको; सर्जनचा ठरावीक प्रश्न असेल आणि साध्या चित्राने तो सुटत नसेल, तेव्हाच.

म्हणून चिठ्ठी लिहिण्याआधी मी स्वतःला विचारते : उत्तर 'अ' आलं तर काय करीन, 'ब' आलं तर काय करीन? दोन्हीकडे तेच करणार असेन तर कागद फाडते. इथे तसं नव्हतं. बोगदा गालाच्या बाजूला आणि मध्ये भिंत असती, तर दाढ तुकडे करून पूर्ण काढली असती. जिभेकडे, भिंतीशिवाय चेपलेला निघाला, म्हणून फक्त माथा कापून मुळं जागीच ठेवली. याला कोरोनेक्टॉमी म्हणतात. ती प्रत्येकाला चालत नाही. मुळाशी पू असेल, कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत गेली असेल किंवा कापताना मुळं हलली, तर सगळंच काढावं लागतं. इथे दाढ आडवी होती, पण किडलेली नव्हती, आणि मुळं घट्ट राहिली.

हे समजावताना खरा वेळ गेला. ''मुळं ठिवायची म्हंजी अर्धंच काम की,'' तात्या म्हणाले. आईचा प्रश्न जास्त नेमका होता : ''नंतर सुजंल का?'' सुजू शकतं, हे मी सांगितलं. कधी मुळं पुढे वर सरकतात आणि दुसऱ्यांदा काढावी लागतात; पण तोवर ती नसेपासून लांब आलेली असतात, त्यामुळे ते काम सोपं होतं. उजवी दाढ त्याच दिवशी, ओपीजीवरूनच, पूर्ण काढली. दोन्हीकडचा ओठ दुसऱ्या दिवशी जागा होता. यावरून स्कॅनने नस वाचवली असं मी म्हणणार नाही. एका रुग्णावरून तसं म्हणता येत नाही. स्कॅनने शस्त्रक्रिया बदलली, एवढं खात्रीने म्हणते.

स्कॅन सांगितला गेला तर दोन गोष्टी विचारा : यातून नेमकं काय शोधायचंय, आणि चौकट तेवढ्या भागापुरती लहान ठेवता येईल का? आणि जुनी ओपीजीची फिल्म, स्कॅनची सीडी घरात असेल तर येताना बरोबर आणा. फिल्मची घडी घालू नका.

(पुढच्या आठवड्यात : टाळूत अडकलेला सुळा)