राउटर घेताना आकड्याला भुलू नका

मैत्रिणींनो, दोन खोल्या, चार मोबाइल आणि ५० एमबीपीएसचं कनेक्शन असेल, तर आम्ही ड्युअल बँडचा वाय-फाय ५ राउटर पुरेसा मानतो. कनेक्शनच ५० चं, मग महागडा राउटर इंटरनेट त्याहून वेगानं कुठून आणणार? एकाच वेळी बरीच उपकरणं चालत असली आणि त्यांनाही वाय-फाय ६ चालत असलं, तर ६ चा उपयोग होतो. किमतीत थोडाच फरक असेल, तर आम्ही ६ घेऊ. ६ई ची जादा ६ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे लवकर कमजोर होते, शिवाय ती पकडणारा मोबाइलही लागतो.

आधी जुन्या राउटरजवळ मोबाइलवर वेग मोजा. तिथं पूर्ण ५० आणि आतल्या खोलीत कमी, तर अडचण भिंतीची. राउटर घराच्या मधोमध, उंचावर ठेवून पाहा; कदाचित नव्याचे पैसे वाचतील.