मुदत-पाठपुरावा तक्ता

मुदत-पाठपुरावा तक्ता म्हणजे स्प्रेडशीटमध्ये केलेली अशी नोंदवही, जिच्यात प्रत्येक प्रकरणाची मुदत आणि सद्यःस्थिती लिहिलेली असते आणि मुदत उलटूनही प्रलंबित राहिलेल्या प्रकरणाची ओळ आपोआप रंगते. यासाठी स्प्रेडशीटमधील कंडिशनल फॉरमॅटिंग ही सोय वापरतात. एक्सेलमध्ये ती १९९७च्या आवृत्तीपासून आहे. गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क यांतही ती मिळते.

या लेखात ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील गावांसाठी केलेल्या माहिती अधिकार अर्जांच्या तक्त्याचे उदाहरण घेतले आहे. उदाहरणातील नोंदी कल्पित आहेत. मुदती मात्र माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील आहेत.

## पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत कागदपत्रे सहा गठ्ठे पद्धतीने लावण्याची रीत आहे. तीत प्रलंबित प्रकरणांचा आणि प्रतीक्षाधीन प्रकरणांचा गठ्ठा वेगळा असतो. कोणत्या कागदावर आपण काम करायचे आहे आणि कोणत्या कागदासाठी दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहायची आहे, हे त्यावरून कळते. मात्र वाट पाहण्याची मुदत संपली की नाही, हे गठ्ठा स्वतः सांगत नाही. त्यासाठी तो कोणीतरी उघडून चाळावा लागतो. पाठपुरावा तक्त्यात ही चाळणी संगणक करतो.

## मुदतीचे गणित

माहिती अधिकाराच्या अर्जाला तो मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्ज सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे दिला असल्यास त्यात ५ दिवसांची भर पडते. उत्तर न आल्यास ही मुदत संपल्यापासून ३० दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. त्यानंतर आलेले अपील पुरेसे कारण दाखविल्यासच दाखल करून घेतले जाऊ शकते. म्हणून मुदत उलटल्याचे वेळेवर कळणे महत्त्वाचे ठरते.

## रचना

तक्त्यात सहा स्तंभ पुरतात. A मध्ये क्रमांक, B मध्ये तालुका, C मध्ये विषय, D मध्ये अर्ज कार्यालयास मिळाल्याची तारीख, E मध्ये मुदत आणि F मध्ये स्थिती. D मध्ये अर्ज टपालात टाकल्याची तारीख लिहू नये. पोचपावतीवरील तारीख लिहावी. मुदत हाताने न लिहिता सूत्राने काढावी:

```
=IF(D2="","",D2+30)
```

स्थितीचे शब्द ठरावीक असावे लागतात. ‘प्रलंबित’ऐवजी ‘प्रलंबीत’ लिहिले किंवा शब्दाच्या शेवटी एक मोकळी जागा राहिली, तरी संगणकाच्या लेखी तो वेगळा शब्द होतो आणि ओळ रंगत नाही. यासाठी Data validation वापरून स्थितीच्या स्तंभात निवडयादी ठेवतात.

## रंगाचा नियम

शीर्षकाची ओळ सोडून A2 पासून F200 पर्यंतचा भाग निवडावा. गूगल शीट्समध्ये Format, Conditional formatting, Custom formula is असे क्रमाने निवडावे. एक्सेलमध्ये Conditional Formatting, New Rule, Use a formula to determine which cells to format असा क्रम आहे. तेथे पुढील सूत्र लिहून लाल रंग निवडावा:

```
=AND($F2="प्रलंबित",ISNUMBER($E2),$E2<TODAY())
```

तिन्ही अटी एकाच वेळी खऱ्या असतील तरच ओळ रंगते. स्थिती प्रलंबित असली पाहिजे, मुदतीच्या जागी खरी तारीख असली पाहिजे आणि ती तारीख आजच्या आधीची असली पाहिजे. स्प्रेडशीट तारखेला दिवसांचा अनुक्रमांक मानते, म्हणून ISNUMBER तारीख ओळखू शकते. स्तंभाच्या अक्षरापूर्वीचे $ हे चिन्ह तो स्तंभ पक्का करते. ते गाळल्यास संपूर्ण ओळीऐवजी भलतेच चौकोन रंगतात. चिन्ह < असल्यामुळे मुदतीच्या दिवशी ओळ रंगत नाही, दुसऱ्या दिवशी रंगते.

## उदाहरण

७ एप्रिल २०२५ रोजी तक्ता उघडला असे समजू.

| क्र. | तालुका | विषय | मिळाला | मुदत | स्थिती |
|---|---|---|---|---|---|
| १ | शहापूर | टँकरच्या फेऱ्या | ३ मार्च २०२५ | २ एप्रिल २०२५ | पूर्ण |
| २ | मुरबाड | शाळादुरुस्तीचा खर्च | ५ मार्च २०२५ | ४ एप्रिल २०२५ | प्रलंबित |
| ३ | शहापूर | रस्त्याचे अंदाजपत्रक | १२ मार्च २०२५ | ११ एप्रिल २०२५ | प्रलंबित |

या दिवशी केवळ दुसरी ओळ लाल दिसेल. पहिल्या अर्जाची मुदत उलटली असली तरी उत्तर आलेले आहे, आणि तिसऱ्याची मुदत अद्याप शिल्लक आहे. दुसऱ्या अर्जासाठी ४ मेपर्यंत पहिले अपील करता येईल.

आता हाच दुसरा अर्ज नोंदविताना `05/03/2025` असे टंकले आणि फाइलची मांडणी अमेरिकी पद्धतीची, म्हणजे महिना आधी घेणारी असली, तर संगणक ती तारीख ३ मे समजेल. मुदत २ जून निघेल आणि ओळ ३ जूनला लाल होईल. तोवर अपिलाची मुदत संपून महिना होत आलेला असेल. तारीख खरीच असल्यामुळे सूत्र कोणतीही तक्रार करणार नाही. यावर उपाय म्हणजे गूगल शीट्समध्ये File, Settings येथे Locale हे India ठेवणे आणि तारखा महिन्याच्या नावासह दिसतील असे स्वरूप देणे. मग ‘मे’ हा शब्द पाहताच चूक लक्षात येते.

## न रंगणाऱ्या ओळी

मुदतीच्या जागी तारखेसारखा दिसणारा मजकूर असणे ही दुसरी नेहमीची चूक. देवनागरी अंकांत टंकलेली तारीख अनेकदा मजकूर धरली जाते. स्प्रेडशीट तुलनेत मजकुराला कोणत्याही संख्येपेक्षा मोठा मानते. त्यामुळे अशी मुदत कधीच उलटत नाही. ओळखण्याची खूण अशी की, संरेखन बदललेले नसेल तर खरी तारीख चौकोनात उजवीकडे सरकते आणि मजकूर डावीकडे राहतो. याउलट मुदतीचा चौकोन पूर्ण रिकामा असल्यास तो शून्य मानला जातो, आणि ISNUMBERची अट नसल्यास ओळ उगाचच लाल होते. या दोन्ही दोषांसाठी पिवळ्या रंगाचा दुसरा नियम जोडतात:

```
=AND($F2="प्रलंबित",NOT(ISNUMBER($E2)))
```

लाल ओळ मुदत उलटल्याचे सांगते, तर पिवळी ओळ मुदत ठरवताच येत नसल्याचे सांगते.

## मर्यादा

TODAY() हे सूत्र फाइल उघडल्यावर त्या दिवसाची तारीख घेते. फाइल महिनाभर उघडलीच नाही, तर रंगाचा उपयोग होत नाही. कागदावर छापलेली प्रत छपाईच्या दिवसाचीच स्थिती दाखविते. त्यामुळे तक्ता पाहण्याचा वार ठरवून ठेवावा लागतो.

‘पूर्ण’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. अपुरे उत्तर येताच स्थिती पूर्ण केली, तर ओळीचा रंग जातो. पण त्या उत्तराविरुद्ध अपिलाचे ३० दिवस ते मिळाल्यापासून सुरू झालेले असतात. अशा वेळी मूळ ओळीची स्थिती ‘अपुरे उत्तर’ अशी ठेवून खाली ‘पहिले अपील’ या विषयाची नवी प्रलंबित ओळ जोडतात. तिच्या D स्तंभात उत्तर मिळाल्याची तारीख येते आणि सूत्राने निघणारी मुदत ही अपील दाखल करण्याची शेवटची तारीख असते. ही ओळ मात्र अपिलाची मुदत संपल्यावरच लाल होईल. म्हणून अपील त्यापूर्वीच करावे लागते.