डिस्कवाला की बिनडिस्कचा?

साताऱ्याच्या आमच्या शेजारच्या आबांची उभी नोकरी एसटीच्या डेपोत, स्टोअरकीपर म्हणून गेली. बसचा कोणता सुटा भाग कोणत्या कप्प्यात आहे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. त्यांची नात बारा वर्षांची होणार होती. तिने फोनवर सांगितलं, ‘‘आबा, मला प्लेस्टेशन फाइव्ह पाहिजे.’’ आबांना वाटलं, नाव कळलं म्हणजे काम झालं. पुण्याच्या दुकानात गेल्यावर काउंटरवरच्या मुलाने विचारलं, ‘‘काका, स्लिम डिस्क देऊ की स्लिम डिजिटल? बंडल हवाय की नुसता?’’ आबा काहीही न घेता साताऱ्याला परत आले आणि संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे बसले.

गोंधळात आबांचा काही दोष नव्हता. सोनीने निदान आकडे तरी सरळ ठेवले आहेत: एक, दोन, तीन, चार, पाच. मायक्रोसॉफ्टची मोजणी मात्र निराळीच. 2013 साली आलेल्या त्यांच्या तिसऱ्या यंत्राचं नाव ‘एक्सबॉक्स वन’. 2017 मध्ये त्याची जोरकस आवृत्ती आली ती ‘वन एक्स’, आणि 2020 मध्ये पूर्ण नवी पिढी आली ती ‘सिरीज एक्स’, सोबत धाकटी ‘सिरीज एस’. आता ‘एक्सबॉक्स एक्स’ एवढंच लक्षात ठेवून दुकानात गेलेल्या आजोबांनी काय करायचं? जुन्या साठ्यातला किंवा कुणी वापरलेला ‘वन एक्स’ त्यांच्या गळ्यात पडू शकतो आणि नातवाला हवे ते नवे गेम त्यावर चालतच नाहीत. निन्टेन्डोला तर अशा नावाचा फटका स्वतःलाच बसला. त्यांचं ‘वी’ जगभरात दहा कोटींहून जास्त खपलं. 2012 मध्ये त्यांनी पुढच्या यंत्राला ‘वी यू’ नाव दिलं. अनेकांना ते जुन्याच ‘वी’ला जोडायचं काहीतरी वाटलं. खप दीड कोटीलाही पोचला नाही. नाव हे एकच कारण नव्हतं, पण मोठं होतं.

नातीने यंत्र ठरवलेलं असल्यामुळे आबांना या जंजाळातून सुटका होती. त्यांच्यापुढे प्रश्न उरला तो एकाच यंत्राच्या दोन रूपांचा. प्लेस्टेशन 5 भारतात फेब्रुवारी 2021 मध्ये आलं तेव्हा डिस्कवाल्याची किंमत 49,990 रुपये होती आणि डिजिटलची 39,990. नंतरचं आटोपशीर ‘स्लिम’ आलं ते 54,990 आणि 44,990 ला. किमती बदलत राहतात. दोन्ही वेळा फरक दहा हजारांचा होता, हे महत्त्वाचं. आबांनी पहिला तर्क केला तो कुणीही करेल असाच: ‘‘महाग आहे ते जास्त ताकदीचं असणार.’’ तसं नाही. आतला प्रोसेसर तोच, चित्र तेच, वेग तोच. दहा हजार रुपये आहेत ते डिस्क आत सरकवायच्या फटीचे आणि ती वाचणाऱ्या ड्राइव्हचे. उलट 2024 च्या अखेरीस परदेशात आलेलं सगळ्यात महाग ‘प्रो’ हे यंत्र खरंच जास्त ताकदीचं आहे, पण त्याला ही फट मुळीच नाही. त्यामुळे किमतीवरून काहीच ओळखता येत नाही.

मग त्या फटीला दहा हजार द्यावेत का? इथे आबांमधला स्टोअरकीपर जागा झाला. मोठ्या कंपनीचा नवा गेम साधारण पाच हजारांना पडतो. डिजिटल यंत्रात तो कंपनीच्या ऑनलाइन दुकानातूनच घ्यावा लागतो, तो खात्याला चिकटतो आणि परत विकता येत नाही. डिस्क मात्र खेळून झाल्यावर विकता येते, मैत्रिणीला देता येते, वापरलेली विकतही घेता येते. आबांनी वहीत लिहिलं: वर्षाला तीन गेम, डिजिटलचे पंधरा हजार. डिस्क घेऊन सहा महिन्यांनी विकली तर एका गेमवर घसारा दोन हजार धरू. म्हणजे वर्षाचा खर्च सहा हजार. फरक नऊ हजारांचा. जास्तीचे दहा हजार सव्वा वर्षाच्या आत वसूल. घसारा तीन हजार धरला तरी पावणेदोन वर्षं पुरतात.

हा हिशोब सगळ्यांना लागू पडणार नाही. मूल फक्त ‘फोर्टनाइट’सारखे फुकट गेम खेळणार असेल, तर डिस्कची फट शोभेचीच. ऑनलाइन दुकानात जुन्या गेमवर अधूनमधून भरघोस सवलतीही लागतात. पण आबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. नातीच्या आतेभावाने तिला प्लेस्टेशन 4 च्या जुन्या डिस्क देऊन ठेवल्या होत्या. नव्या यंत्रात चौथ्या पिढीचे बहुतेक सगळे गेम चालतात. फक्त डिस्क आत घालायला जागा हवी. डिजिटल घेतलं असतं तर त्या सगळ्या डिस्क कपाटात पडून राहिल्या असत्या. प्रश्न तिथेच मिटला.

डिस्क आहे म्हणजे इंटरनेट लागणार नाही, असा मात्र समज नको. डिस्कवरचा गेम आधी यंत्रात उतरवून घ्यावा लागतो, वर दुरुस्त्या डाउनलोड होतात, आणि खेळताना डिस्क आत असावीच लागते. पूर्ण डाउनलोड करायचा तर मोठा गेम शंभर जीबीपर्यंत जातो. घरचं इंटरनेट 40 एमबीपीएसचं असेल तर त्याला साडेपाच तास लागतात. स्लिमचं डिजिटल रूप घेऊन बसलेल्यांसाठी एक सोय आहे: त्याला ड्राइव्ह वेगळा आणून जोडता येतो, पण तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतंच. 2020 च्या मूळ डिजिटलला हीसुद्धा सोय नाही.

आता खोकं ओळखायचं कसं? डिजिटलच्या खोक्यावर ‘डिजिटल एडिशन’ असं छापलेलं असतं, पण अक्षर बारीक आणि दुकानात घाई. आबांना त्यांच्या सवयीची खूण सापडली ती मॉडेल क्रमांकात. आकड्यांनंतर इंग्रजी ‘ए’ असेल तर डिस्कवाला, ‘बी’ असेल तर डिजिटल. गेमच्या डबीचंही तसंच: वर पांढरी पट्टी असेल तर पाचव्या पिढीचा, निळी असेल तर चौथीचा. काही डब्यांत डिस्क नसतेच, नुसता डाउनलोडचा कोड असतो. तसं बाहेर लिहिलेलं असतं, ते वाचावं. ‘बंडल’ म्हणजे यंत्रासोबत एखादा गेम, आणि तोही बहुधा कोडच. नातीला तो गेम नको असेल तर बंडल घेण्यात अर्थ नाही. शिवाय गेमच्याही ‘स्टँडर्ड’, ‘डिलक्स’ अशा आवृत्त्या असतात. डिलक्समध्ये बहुतेक वेळा जादा पोशाख नि किरकोळ वस्तू मिळतात. पहिल्या भेटीला स्टँडर्ड पुष्कळ झालं.

आबांनी डिस्कवाला स्लिम घेतला, बंडलशिवाय. तुम्हीही घेणार असाल तर एक करा: वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच घरातल्या मोठ्या माणसाने खोकं उघडून यंत्र चालू करावं. पहिल्यांदा लावलं की ते अपडेट मागतं, आणि केक कापून झाल्यावर तासभर पडद्यावरची पट्टी सरकताना पाहणं कुठल्याच मुलाला आवडत नाही. खातं आधी मोठ्या माणसाच्या नावाने काढावं, देश भारत निवडावा, कारण तो नंतर बदलता येत नाही. मग त्याखाली मुलाचं खातं खऱ्या जन्मतारखेने जोडावं. खेळायची वेळ, वयाला न शोभणारे गेम आणि महिन्याचा खर्च यांवरची मर्यादा तिथूनच ठरवता येते. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं तर फुकटचे गेम सोडून बाकीच्यांसाठी ‘प्लेस्टेशन प्लस’ची वर्गणी लागते, भेटीच्या बजेटमध्ये तीही धरा, आणि बिल जपून ठेवा.