मराठी यादी, अरबी दुकान

दुबई-मस्कतच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मल्याळी नाहीतर हिंदी कळणारा माणूस हमखास भेटतो. तिथे मराठी घराची यादी अरबीत नेण्याची वेळ सहसा येत नाही. ती येते सौदीच्या एखाद्या लहान गावात, जिथे दुकानदार येमेनी किंवा इजिप्शियन असतो आणि फोनवरून माल मागवायचा असतो. घरातली बाई वहीच्या पानावर सवयीप्रमाणे यादी लिहिते आणि फोटो पाठवते. त्या फोटोवरून अरबी यादी करायला कोणीतरी नात्यातला किंवा शेजारचा माणूस बसतो.

समजा यादी अशी आहे: तूर डाळ २ किलो, रवा बारीक १ किलो, धणे पाव किलो, कोथिंबीर २ जुड्या, साखर पाऊण किलो, पाव ६, भेंडी ५०० ग्रॅम. त्याखाली रोमन लिपीत ‘कर्ड’, आणि शेवटी देवनागरीत सर्फ, विम. घरातल्या माणसाला यात अवघड काहीच वाटणार नाही. फोटोवरून वाचणाऱ्याला, मग तो माणूस असो की फोनमधले ॲप, पहिला अडथळा अक्षराचाच येतो.

घाईत लिहिताना आपण शिरोरेषा देत नाही. ध आणि घ, भ आणि म यांच्यातला मोठा फरक शिरोरेषा कुठे तुटते त्यात असतो. ती रेषाच नसली की ‘धणे’ सहज ‘घणे’ होतात. ‘रवा’ तर आणखी फसवा. र आणि व जवळ आले की त्यांचा ख होतो आणि यादीत ‘खा बारीक १ किलो’ असे वाक्य तयार होते. आकड्यांतही तेच. हाताने लिहिलेला देवनागरी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ४ इंग्रजी आठसारखा. ज्या पानावर दोन्ही लिपी आहेत तिथे हा धोका खरा आहे. शंका आली की शेजारची ओळ बघावी. नऊ किलो रवा कोणी मागवत नाही, आणि त्याच हाताने दुसरीकडे लिहिलेला आकडा कसा आहे ते पाहिले की उलगडा होतो. म्हणून फोटो संपूर्ण पानाचा असावा, कापलेला नको. कापलेल्या फोटोत पडताळायला काही उरत नाही.

वाचून झाले की कोशातला शब्द शोधण्याची घाई करू नये. आधी पिशवीत नेमकी कोणती वस्तू यायला हवी ते ठरवावे. धणे आणि कोथिंबीर हे आपल्याकडे दोन स्वतंत्र शब्द आहेत, अरबीत दोन्हींना ‘कुझबरा’च म्हणतात. ॲप मराठीतून इंग्रजीत आणि तिथून अरबीत गेले तर मधल्या ‘कोरिअँडर’मध्ये हा फरक कुठेतरी गळून पडतो, आणि धण्यांच्या जागी हिरव्या जुड्या येतात. म्हणून धण्यांसाठी ‘कुझबरा याबिसा’, म्हणजे वाळलेली, आणि कोथिंबिरीसाठी ‘कुझबरा खद्रा’, म्हणजे हिरवी, असे स्पष्ट लिहावे. दुसरीपुढे ‘रब्ता’, म्हणजे जुडी, लिहिले की संशय उरतच नाही.

भेंडीचेही असेच. इंग्रजी ‘लेडीज फिंगर’ शब्दशः अरबीत नेले तर ‘बाईची बोटे’ अशा अर्थाचे नाव तयार होते, आणि त्या धर्तीचे नाव तिकडच्या एका गोड पदार्थालाही आहे. भेंडीचे साधे बाजारी नाव ‘बामिया’. रव्याला ‘समीद’ म्हणतात, बारीक हवा तर ‘नाइम’, जाडा हवा तर ‘खशिन’. यादीत ‘बारीक’ लिहिले असेल तर तो शब्द सोडू नये. शिऱ्याचा घाट बदलतो.

खरी कसोटी मात्र दह्याची. यादीत इंग्रजी ‘कर्ड’ आहे. भाषांतर करणाऱ्याच्या जिभेवर ‘लबन’ हा शब्द आला तर थांबावे. सौदीत लबन म्हणजे ताक. सीरिया-लेबनॉनच्या माणसाला लबन म्हटले तर तो दही देईल, आणि इजिप्तच्या माणसाला वाटेल दूध मागितले. एकाच शब्दाच्या तीन वस्तू, आणि दुकान सौदीत असले तरी गल्ल्यावर इजिप्तचा माणूस बसलेला असू शकतो. त्यामुळे इथे सर्वांना कळेल असा ‘झबादी’ हा शब्द वापरावा. दूध हवे असेल तर आखातात ‘हलीब’. कोणाचे अरबी आपण लिहीत आहोत हे आधी विचारल्याशिवाय दुधा-दह्याच्या ओळी लिहू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

विम आणि सर्फ ही नावे कंपनीची असली तरी आपल्या घरांत त्यांचा अर्थ भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर एवढाच असतो. सर्फ अरबी अक्षरांत जसाच्या तसा उतरवला तर दुसरीच पंचाईत होते. अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वर सहसा दाखवत नाहीत, आणि ‘साद’ या अक्षराने लिहिलेला हाच शब्द पैसे मोडण्याच्या, चलन बदलण्याच्या अर्थाने रोज वापरात असतो. म्हणून ‘मसहूक गसील’, धुण्याची पावडर, असे वस्तूचे नाव लिहावे. विमसाठी ‘साबून मवाईन’, भांड्यांचा साबण. घरात ठरावीक कंपनीचाच माल लागत असेल तर विचारून घ्यावे आणि ते नाव पुढे जोडावे.

तूर डाळीला मात्र अरबी घराघरांत चालणारे नाव सापडणे कठीण. ‘अदस’ म्हटले की मसूर येते. इथे आवाजच लिहावा, ‘तूर दाल’, सोबत ‘असफर’, म्हणजे पिवळी, आणि जमल्यास घरातल्या रिकाम्या पाकिटाचा फोटो.

आता प्रमाण. ‘पाव किलो’ आणि ‘पाव ६’ यांत पाव हा शब्द दोन कामे करतो. पहिला ‘रुबअ किलो’, दुसरा खाण्याचा पाव, त्याला आखातात ‘सम्मून’ म्हणतात. पाऊण किलोला अरबी माणूस ‘किलो इल्ला रुबअ’ म्हणतो, म्हणजे पाव कमी किलो. आपल्या पाऊणमध्येही चतुर्थांशाने उणे हाच हिशेब आहे, त्यामुळे ही ओळ जशीच्या तशी उतरते.

आकडे मात्र अक्षरांत लिहिणे बरे. अरबी अंकांतला पाच हा गोल काढतात आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. आपल्या देवनागरी पाचशेमधली दोन शून्ये त्या डोळ्यांना पंचावन्न दिसतात. भेंडीसमोर ‘नुस्स किलो’, अर्धा किलो, असे लिहिले की हा प्रश्नच येत नाही. शिवाय अरबी ओळ उजवीकडून चालते आणि तिच्यात रोमन नाव व आकडा शेजारी आले की फोनच्या पडद्यावर त्यांच्या जागा बदलू शकतात. दोनचा आकडा मग भलत्याच वस्तूला चिकटतो. एका ओळीत एकच वस्तू, आधी तिचे नाव आणि मग शब्दांत प्रमाण, असे ठेवावे. पाठवण्यापूर्वी मूळ पानावरच्या ओळी मोजाव्यात आणि अरबीतल्याही मोजाव्यात. आपल्या या यादीत त्या दहा आहेत.