पिशवी नव्हे, उभी राहणारी पर्स



पेण व रोहा तालुक्यांतील वाड्यांवर शिवणकाम करणाऱ्या भगिनींच्या पर्स आपण विकत घेता. पर्स टेबलावर ठेवताच बसकण मारत असेल, तर ती पुन्हा कोणी मागत नाही आणि शिवणारीची मजुरी अडकते. म्हणून ती उभी कशी राहते, हे येथे सांगतो.

३० सेंमी रुंद, २५ सेंमी उंच आणि तळाला १० सेंमी रुंदी असलेली पर्स घेऊ. त्यासाठी ४२ बाय ३२ सेंमीचे दोन तुकडे कापतो. यात चारही बाजूंना एकेक सेंमी शिलाईचा आहे. बाजू व तळ शिवल्यावर प्रत्येक खालचा कोपरा असा चपटा करायचा की बाजूची शिलाई तळाच्या शिलाईवर येईल. टोकापासून ५ सेंमीवर आडवी टीप मारली की ती बरोबर १० सेंमी लांब भरते. हाच रुंद तळ. अस्तरही असेच शिवायचे.

कापडाला ताठपणा देते ते इस्त्रीने चिकटणारे बक्रम. ते शिवण्याआधी लावायचे आणि ४० बाय ३० सेंमीच कापायचे, म्हणजे शिलाईत जाडी येत नाही. इस्त्री घासत नेऊ नये. एका जागी दहा-पंधरा सेकंद दाबून उचलावी आणि कापड थंड होईपर्यंत हलवू नये. आधी चिंधीवर करून पाहावे. थंड झाल्यावर कोपरा नखाने सुटला किंवा फुगे आले, तर उष्णता कमी पडली.

पण बक्रम वजन पेलत नाही. ते काम तळाच्या पट्टीचे. पुठ्ठा स्वस्त असतो, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात तो ओल धरतो आणि मधोमध वाकतो. म्हणून दीड मिलिमीटर जाडीची कडक प्लास्टिक शीट घेतो. तळापेक्षा थोडी लहान, साडेएकोणतीस बाय साडेनऊ सेंमी कापून तिचे कोपरे गोल करतो, नाहीतर ते अस्तर फाडतात. ही पट्टी अस्तराच्या कापडाच्या खोळीत घालून तळाशी ठेवली की धुताना काढता येते.

बंदासाठीच्या कड्या निवडताना लोहचुंबक जवळ न्यावे. कडी चिकटली तर आत लोखंड आहे. मुलामा उडाला की गंज कापडावर उतरतो. पितळेची कडी चिकटत नाही. चुंबकी बटण अस्तर जोडण्यापूर्वीच लावावे आणि त्याच्या पाठीमागे रेक्झिनचा तुकडा द्यावा, नाहीतर ओढताना कापड फाटते.

शेवटी पर्समध्ये तीन किलो तांदूळ भरून ती रात्रभर बंदांवर टांगतो. सकाळी तळ सपाट आणि कड्यांजवळची शिलाई घट्ट असेल, तरच ती विक्रीला जाते. आपणही घेताना तळ अंगठ्याने दाबून पाहा.