एकच जीबी, दोनदा मोजणी

भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर स्वतःचा व्हीपीएन उभा केला, की लगेच कोट्याचा प्रश्न येतो. महिन्याला ५०० जीबी पुरतील, की १ टीबीचा प्लॅन घ्यावा? उत्तर तुमच्या वापराइतकंच कंपनीच्या मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे.

व्हीपीएनमधून जाणारा प्रत्येक जीबी सर्व्हरच्या दारातून दोनदा जातो. तुम्ही १ जीबीचा व्हिडिओ पाहिलात, तर तो आधी सर्व्हरवर येतो आणि मग तिथून तुमच्या फोनकडे निघतो. डिजिटलओशन फक्त बाहेर जाणारा डेटा मोजते. अ‍ॅमेझॉनची लाइटसेल मात्र येणारा आणि जाणारा, दोन्ही कोट्यातून वजा करते. शिवाय मुंबईतल्या सर्व्हरसाठी तिचा कोटा बहुतेक ठिकाणांपेक्षा निम्मा असतो. प्लॅनच्या पानावरचा हा बारीक मजकूर किमतीच्या आधी वाचावा.

आता घरचा हिशेब. अंदाज पंचे करू नका; फोन आणि लॅपटॉप आपला डेटा वापर स्वतःच नोंदवतात. पूर्ण आठवडा धरा, कारण रविवारचा वापर मंगळवारसारखा नसतो. समजा, सगळ्या उपकरणांचा मिळून आठवड्याचा आकडा ६३ जीबी आला. म्हणजे दिवसाला ९ आणि महिन्याला २७०. वायरगार्ड प्रत्येक पाकिटावर स्वतःचं वेष्टण चढवतो, त्याचं वजन साधारण पाच टक्के धरा. सर्व्हर आणि घर यांच्यातला डेटा झाला २८४ जीबी.

फक्त बाहेरचा डेटा मोजणाऱ्या कंपनीकडे हा वापर ५०० जीबीत आरामात बसतो. दोन्ही बाजू मोजणाऱ्याकडे २७० आणि २८४ मिळून ५५४ होतात, म्हणजे महिना संपायच्या तीन दिवस आधीच कोटा संपतो. तिथे १ टीबीच हवा.

काठोकाठचा प्लॅन मी कधीच घेणार नाही. नव्या फोनवर जुने फोटो उतरवले किंवा क्रिकेटची मालिका सुरू झाली, की सरासरी कोलमडते. तिसरा हिस्सा तरी मोकळा ठेवावा. तेवढं परवडत नसेल, तर ज्यांना व्हीपीएनची गरज नाही अशी अ‍ॅप्स बाहेर ठेवा. वायरगार्डच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये तशी सोय आहे. व्हिडिओचं एक अ‍ॅप वगळलं तरी आकडा झपाट्याने उतरतो.

सर्व्हर सुरू झाल्यावर त्यावर `vnstat` बसवा. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला तरी त्याची नोंद राहते; वायरगार्डचे स्वतःचे आकडे मात्र शून्यावर येतात.

```
vnstat -i eth0 -m
```

`eth0` हे बाहेरच्या जोडणीचं नाव काही सर्व्हरवर वेगळं असतं. यातला `rx` म्हणजे आलेला डेटा, `tx` म्हणजे गेलेला. `wg0` चे आकडे यात मिळवू नका, तोच डेटा पुन्हा मोजला जाईल. पंधरा तारखेला अर्ध्याहून जास्त कोटा गेलेला दिसला, तर मोठा प्लॅन तेव्हाच घ्या.